गोठ्यातलं ज्ञान, तीन हजार अक्षरांत

आपल्याकडे पशुवैद्यकाच्या पदवीला प्रवेश मिळतो तो नीटच्या गुणांवर. शिरवळला, परभणीला, उदगीरला किंवा परळच्या जुन्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळवताना तुम्ही कधी गाय व्यायला मदत केली आहे का, असं कुणी विचारत नाही. बारावीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात जे आहे तेवढं यायला हवं. त्यामुळे शेतकऱ्याच्या मुलामुलींना आपल्या गोठ्यातल्या अनुभवाबद्दल चार ओळी लिहायची वेळ पहिल्यांदा येते ती बऱ्याचदा पदवीनंतर, परदेशातल्या एखाद्या विद्यापीठाला अर्ज करताना. तिथं निबंध मागतात. नेदरलँड्समधलं वाखेनिंगन विद्यापीठ तुम्हाला हाच अभ्यासक्रम का हवा ते पत्रातून सांगायला लावतं, अमेरिकेतली कृषी विद्यापीठं उद्देशपत्र मागतात. आणि अमेरिकेतल्याच मुलांना पशुवैद्यकाच्या चार वर्षांच्या पदवीला जायचं असेल तर व्हीएमकॅस नावाच्या सामायिक अर्जात असाच निबंध लिहावा लागतो. अलीकडच्या वर्षांत त्याला मर्यादा आहे तीन हजार अक्षरांची, शब्दांमधल्या मोकळ्या जागा धरून. म्हणजे साधारण एक पान.

असे मसुदे माझ्याकडे वाचायला येत असतात. बहुतेकांची सुरुवात एकाच जागेवरून होते. मला लहानपणापासून जनावरांची आवड आहे. आमच्या घरी चार गायी आहेत. वडील शेतकरी असल्याने मी शेतकऱ्यांच्या अडचणी जवळून पाहिल्या आहेत. मला शिकून शेतकऱ्यांची सेवा करायची आहे. यातलं एकही वाक्य खोटं नसतं. तरीही निबंध वाचून संपल्यावर लिहिणाऱ्याला गायीबद्दल नेमकं काय कळतं याचा पत्ता लागत नाही. गायीची आवड असलेलं पण गोठ्यात कधी न शिरलेलं शहरातलं मूलही हाच मजकूर लिहू शकेल. अमेरिकेत तर खेड्यातली कित्येक मुलं फोर-एच नावाच्या मंडळांतून वासरं, मेंढ्या, डुकरं वाढवतात आणि जत्रेत दाखवतात. निवड समितीसमोर असे शेकडो निबंध येतात. शेतकऱ्याघरी जन्मलो ही गोष्ट तिथं सुरुवात म्हणून ठीक आहे, पण तेवढ्यानं काम होत नाही.

हे सगळं मी सुटं सुटं सांगण्यापेक्षा एक मसुदा घेऊन बसू. संगमनेर भागातल्या एका मुलीचा. तिच्या ओळखीच्या खुणा मी बदलल्या आहेत, गायीच्या दुखण्याच्या खुणा मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत. तिला पशुपोषण या विषयात पुढं शिकायचं होतं. पहिल्या मसुद्यात तिनं लिहिलं होतं, की एका रात्री आमची आवडती गाय मरणाच्या दारात होती, डॉक्टर देवासारखे धावून आले, एक सलाइन लावलं आणि गाय उभी राहिली, त्या क्षणी मी ठरवलं की मलाही हेच करायचं.

एवढ्यावरून वाचणाऱ्याला काय दिसतं? एक गाय, एक चमत्कार आणि एक भारावलेली मुलगी. पण मी तिला त्या रात्रीबद्दल एकेक विचारत गेले तशी ती जे सांगायला लागली, ते ऐकून मी लिहून घ्यायला बसले.

गाय संकरित होल्स्टीन होती, तिसऱ्या वेताची. दुपारी चारच्या सुमाराला व्याली. वार वेळेत पडली. आईनं संध्याकाळी सगळा चीक काढून घेतला, रात्री पुन्हा काढला. वासराला पाजून उरलेल्या चिकाचा खरवस झाला, शेजारी वाटला. पहाटे आबा गोठ्यात गेले तर गाय बसलेली, आणि उठवली तरी उठेना. मान वळवून तिनं कुशीवर टाकलेली होती, सरळ केली तरी पुन्हा तिकडेच जायची. कान हाताला गार लागत होते. एरवी ओली असणारी नाकपुडी कोरडी ठणठणीत. रात्रीपासून शेण नाही, लघवी नाही. ही मुलगी तेव्हा बारावीत होती. घरात थर्मामीटर होता, तिनं गुदद्वारात लावून ताप पाहिला, तो ९८ अंश निघाला. गायीचं नेहमीचं तापमान साडेएकशेएकच्या आसपास असतं, हे तिला माहीत होतं. म्हणजे गायीचं अंग तापलेलं नव्हतं, उलट गार पडत चाललं होतं.

आणि मग तिनं सांगितली ती गोष्ट, जी मसुद्यात कुठंच नव्हती. शेजारचे काका गूळ आणि तेल बाटलीनं पाजायला घेऊन आले होते. तिनं पाजू दिलं नाही. गाय अशा अवस्थेत असते तेव्हा तिला नीट गिळता येत नाही, पाजलेलं फुप्फुसात उतरतं आणि आधीच्या दुखण्यातून वाचलेली गाय न्युमोनियानं जाते. हे तिला गावातल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आधीच्या एका प्रसंगी सांगितलेलं होतं. काका रागावले. तिनं आणि आबांनी मिळून गायीच्या दोन्ही बाजूंना भुश्श्यानं भरलेली पोती लावली, म्हणजे ती छातीवर बसती राहील, आडवी पडणार नाही. आडवी पडली की पोट फुगतं आणि रवंथाचं पाणी घशात येतं. डॉक्टर आले तोवर तासभर ती दोघं पोती धरून बसली होती.

हे दुखणं दूध उत्पादकांना मिल्क फिवर या नावानं ठाऊक आहे. त्याचं मूळ रक्तातल्या कॅल्शियममध्ये आहे. निरोगी गायीच्या रक्तद्रवात दर शंभर मिलिलिटरला साडेआठ ते दहा मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. गायीच्या संपूर्ण रक्तद्रवाचा हिशोब केला तर ते जेमतेम तीन ग्रॅम भरतं. उलट दहा लिटर चिकात सुमारे तेवीस ग्रॅम कॅल्शियम जातं. म्हणजे रक्तात जेवढं आहे त्याच्या कितीतरी पट एका दिवसात कासेतून बाहेर पडतं आणि ते हाडांतून व आतड्यातून तेवढ्याच वेगानं भरून यावं लागतं. पहिलारू कालवडीचं शरीर हे झटकन करतं. वेतं वाढत जातात तसा हाडांतून कॅल्शियम सुटण्याचा आणि आतड्यातून शोषला जाण्याचा वेग मंदावतो, म्हणून हे दुखणं तिसऱ्या वेतापासून पुढं जास्त दिसतं. कॅल्शियम घसरलं की स्नायू काम करेनासे होतात. उठता येत नाही, आतडी थांबतात, म्हणून शेण थांबतं, मूत्राशय रिकामं होत नाही, कातडीकडचा रक्तपुरवठा कमी होऊन कान गार पडतात.

आता त्या मुलीच्या तपशिलांकडे पुन्हा पाहा. तिसरं वेत, पूर्ण काढलेला चीक, गार कान, थांबलेलं शेण, घसरलेलं तापमान. तिनं जे जे सांगितलं त्यातलं प्रत्येक या दुखण्याच्या कारणाशी बांधलेलं आहे. जनावरांचा डॉक्टर असलेला वाचक ही ओळ वाचता वाचता निदान करून मोकळा होतो, आणि लिहिणारी मुलगी तिथं खरोखर होती आणि तिनं डोळे उघडे ठेवून पाहिलं, याची त्याला खात्री पटते. मरणाच्या दारात असलेली आवडती गाय लिहून हे साधत नाही.

डॉक्टरांनी काय केलं हेही तिला बारीक आठवत होतं. मानेच्या शिरेतून कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची बाटली लावली, पण अगदी सावकाश. एका हातानं बाटली वरखाली करत, दुसऱ्या हातानं स्टेथोस्कोप कोपरामागे छातीला लावून ठोके ऐकत होते. मध्येच एकदा बाटली खाली घेतली, थांबले, मग पुन्हा वर केली. तेव्हा तिनं विचारलं होतं, आणि त्यांनी सांगितलं होतं की कॅल्शियम भरभर गेलं तर हृदय बंद पडू शकतं. अर्ध्याहून जास्त बाटली गेल्यावर गायीच्या अंगावर कापरं भरलं, मग मोठी ढेकर आली, मग शेण पडलं. तासाभरात ती उभी राहिली. जाताना डॉक्टर सांगून गेले की दोन दिवस कास पूर्ण रिकामी करू नका, आणि पुन्हा बसली तर लगेच कळवा, कारण काही गायी एकदा उठून दुसऱ्या दिवशी परत बसतात.

इथं एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष वेधते. पहिल्या मसुद्यात तिनं पुढं असंही लिहिलं होतं की नंतर एकदा डॉक्टर मिळाले नाहीत तेव्हा गावातल्या एका माणसाच्या मदतीनं मीच गायीला शिरेतून कॅल्शियम दिलं. तिला वाटत होतं की यातून तिचं धाडस दिसेल. ते वाक्य मी तिला काढायला सांगितलं नाही, त्याचा विचार करायला सांगितलं. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ नुसार शिरेतून औषध देणं हे नोंदणीकृत पशुवैद्यकाचं काम आहे. बाटली किती वेगानं सोडायची, ठोके बिघडले हे कसं ओळखायचं हे न कळता केलेला हा प्रयोग गायीचा जीव घेऊ शकतो, आणि ज्याला हे माहीत आहे त्या वाचकाला ती ओळ वाचून कौतुक वाटणार नाही, धास्ती वाटेल. खेड्यापाड्यात डॉक्टर वेळेवर मिळत नाहीत ही खरी अडचण आहे. तिच्याबद्दल लिहायचं असेल तर अडचण म्हणून लिहावं. पोती लावणं, ताप पाहणं, बाटलीनं पाजू न देणं, कास अर्धी ठेवणं ही सगळी कामं शेतकऱ्याच्या मुलीच्या अखत्यारीतली होती आणि तिनं ती चोख केली. तिचा हात कुठवर चालला आणि कुठं थांबला, हे निबंधात स्पष्ट दिसलं पाहिजे.

व्हीएमकॅसचा अर्जसुद्धा हा भेद करतो. तिथं अनुभवाचे तास नोंदवायचे असतात आणि रकाने वेगळे असतात. पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली जे काम केलं ते एका रकान्यात. स्वतःच्या गोठ्यात धारा काढणं, वैरण करणं, वासरं सांभाळणं हे दुसऱ्या रकान्यात, जनावरांचा अनुभव म्हणून. घरच्या गोठ्यातले तास हजारोंनी असले तरी ते पहिल्या रकान्यात टाकता येत नाहीत. म्हणून शेतकऱ्याच्या मुलांनी गावच्या दवाखान्यात काही महिने जाऊन बसणं, डॉक्टरांबरोबर फिरतीवर जाणं फार मोलाचं ठरतं. शिवाय शिफारसपत्र देणारं माणूस तिथं मिळतं.

मसुद्याची दुसरी फेरी मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिथं अनुभवाला प्रश्न फुटतो. मी तिला विचारलं, त्या रात्रीनंतर घरात काय बदललं? ती म्हणाली, आबांनी पुढच्या खेपेला गाय आटवल्यापासूनच कॅल्शियमचं टॉनिक सुरू केलं. म्हणजे व्यायच्या आधी दीड-दोन महिने. कमी पडलं होतं, म्हणून आधीच साठा करून ठेवू, असा सरळ विचार. तो कुठल्याही शहाण्या माणसाला पटेल. मग तिनं पदवीच्या काळात वाचायला सुरुवात केली आणि तिला गोंधळायला झालं.

शरीर हाडांतून कॅल्शियम काढतं ते रक्तात ते कमी पडू लागल्यावर. आटलेल्या काळात भरपूर कॅल्शियम मिळत राहिलं तर ही यंत्रणा सुस्त राहते आणि व्याल्याच्या दिवशी तिला अचानक जोर लावता येत नाही, असा विचार जुना आहे आणि त्यावरून व्यायच्या आधी कॅल्शियम कमी द्या असा सल्ला दिला जाई. पुढं अमेरिकेत आयोवातल्या एम्स इथल्या राष्ट्रीय पशुरोग केंद्रात जेसी गॉफ आणि रोनाल्ड हॉर्स्ट यांनी प्रयोग केले. १९९७ साली त्यांनी दाखवलं की व्यायच्या आधीच्या आहारात पोटॅशियम किंवा सोडियम वाढवलं की मिल्क फिवरचं प्रमाण वाढतं, कॅल्शियम वाढवल्यानं मात्र तसं होत नाही. पोटॅशियमनं रक्त किंचित अल्कधर्मी होतं, आणि अशा रक्तात हाडांना व मूत्रपिंडांना कॅल्शियम सोडण्याचा संप्रेरकाचा आदेश नीट पोचत नाही. म्हणून शेवटच्या तीन आठवड्यांत क्लोराइड आणि सल्फेटयुक्त क्षार देऊन आहार थोडा आम्लाकडे झुकवतात, आणि तो पुरेसा झुकला की नाही हे गायीच्या लघवीचा सामू मोजून कळतं. एरवी तो आठच्या वर असतो. होल्स्टीन गायीत तो सव्वासहा ते पावणेसातच्या दरम्यान आणतात.

हे वाचून तिनं आपल्या गोठ्याकडे पाहिलं. आटलेल्या गायीला त्यांच्याकडे काय घालतात? साखर कारखान्याचा हंगाम असतो तेव्हा उसाची वाढी, आणि बांधावरचं संकरित नेपियर, कधी लसूणघास. वाढ्यांत आणि नेपियरमध्ये ऑक्झलेट असतं, ते आतड्यातच कॅल्शियमला बांधून टाकतं. नेपियर आणि लसूणघास पालाशाची खतं खाऊन वाढलेले असले तर त्यात पोटॅशियम भरपूर असतं. मग तिच्या गायीला खरोखर काय झालं होतं? कॅल्शियम मिळालंच कमी, की मिळालं पण बांधलं गेलं, की पोटॅशियमनं यंत्रणाच अडवली? वैरणीचं पृथक्करण नाही, लघवीचा सामू कधी मोजला नाही, व्यायच्या आधीच्या रक्ताची तपासणी नाही. गोठ्यात बसून याचं उत्तर मिळत नाही. आणि नेमका इथंच तिला शिकायला जायचं कारण सापडलं. तिनं जो विषय निवडला होता, व्यायच्या आधीच्या तीन आणि नंतरच्या तीन आठवड्यांतलं गायीचं पोषण, तो आता तिच्या गोठ्यातून आपोआप पुढं येत होता. आधीच्या मसुद्यात तो विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून उचलल्यासारखा वाटायचा.

टॉनिक सुरू केल्यावर पुढच्या वेताला गाय बसली नाही, हे तिनं लिहायला घेतलं होतं, पुरावा म्हणून. एका गायीचं एक वेत काहीच सिद्ध करत नाही. त्या वर्षी वैरणही वेगळी होती, चीकही पूर्ण काढला नव्हता. हे मी तिला सांगितल्यावर तिनंच ते वाक्य बदललं, आणि बदललेलं वाक्य मला सगळ्या निबंधात जास्त भावलं.

तिच्या शेवटच्या मसुद्यातला मधला परिच्छेद मराठीत साधारण असा होता:

“आमची संकरित गाय तिसऱ्या वेताला व्याल्यावर बारा तासांत खाली बसली. कान गार होते, शेण थांबलं होतं, तापमान ९८ अंश होतं. मी तिला बाटलीनं काही पाजू दिलं नाही आणि डॉक्टर येईपर्यंत पोत्यांच्या आधारानं छातीवर बसती ठेवली. शिरेतून कॅल्शियम दिल्यावर ती तासाभरात उठली. पुढच्या वेळी आम्ही ती आटल्यापासून कॅल्शियम दिलं आणि ती बसली नाही. त्यामुळेच बसली नाही असं मी म्हणू शकत नाही, कारण त्या वर्षी वाढी कमी होती आणि आम्ही चीक थोडाच काढला. आमच्या भागातल्या ऊस आणि नेपियरवर पोसलेल्या गायींत व्यायच्या आधी पोटॅशियम आणि ऑक्झलेट यांतलं नेमकं काय आड येतं, हे मला मोजून पाहायचं आहे.”

या परिच्छेदात आवड, सेवा, स्वप्न हे शब्द नाहीत. तिला गायीची माया नाही असं हे वाचून कुणीही म्हणणार नाही.

इतकं बारीक आठवायचं कसं, असा प्रश्न मुलं विचारतात. आठवणीवर सोडू नये, घरातले कागद काढावेत. दूध संस्थेच्या पावत्या बहुतेक घरांत कुठंतरी खोचलेल्या असतात. त्यावर तारीख, लिटर, फॅट आणि एसएनएफ असतं. गाय कधी बसली आणि दूध कधी पूर्ववत झालं हे त्यावरून दिवसावारी कळतं. कृत्रिम रेतनाची नोंद असेल तर त्यात सुमारे २८० दिवस मिळवून व्यायची तारीख पडताळता येते. कानातल्या बिल्ल्यावरच्या बारा अंकी क्रमांकावरून दवाखान्यात उपचाराची नोंद सापडू शकते. या मुलीला पावत्यांवरून कळलं की तिला जी गाय चौथ्या वेताची वाटत होती ती तिसऱ्या वेताची होती. आठवण अशी सरकते.

जनावरांऐवजी पिकाचा अनुभव घेऊन कृषीच्या पुढच्या शिक्षणाला जाणाऱ्यांनाही हेच लागू आहे, फक्त तिथं एका रात्रीत काही घडत नाही, म्हणून लिहिणं जास्त अवघड जातं. विदर्भातल्या एका मुलाचा निबंध कापसाबद्दल होता. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भ-मराठवाड्यातला कापूस खाल्ला, हे त्यानं घरात सोसलं होतं, आणि निबंध त्या सोसण्याबद्दलच होता. वडिलांचं कर्ज, रिकामी वेचणी. ते सगळं खरं होतं, पण त्यातून तो कीटकशास्त्र का शिकू इच्छितो हे कळत नव्हतं.

बोलताना निघालं की पुढच्या हंगामापासून तो स्वतः कामगंध सापळे लावत होता. मादीच्या गंधाची कृत्रिम गोळी सापळ्यात असते आणि नर पतंग तिच्याकडे येऊन अडकतात. रोज सकाळी तो पतंग मोजून वहीत टाकायचा. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ किंवा जास्त पतंग आले तर फवारणीचा विचार करायचा, असा आर्थिक नुकसानीच्या पातळीचा निकष आहे. शिवाय फुलं पाहायची. अळी पाकळ्या आतून धाग्यानं शिवून टाकते, फूल उमलत नाही, त्याला शेतकरी डोमकळी म्हणतात. आणि वीस हिरवी बोंडं तोडून फोडायची, कारण बोंड बाहेरून निकोप दिसतं आणि आत अळी बसलेली असते. विसात दोन किडकी निघाली म्हणजे दहा टक्के, तेव्हा फवारणी करायची.

त्याच्या वहीत एक विसंगती होती. एका आठवड्यात पतंग आठच्या बरेच वर गेले, पण फोडलेल्या बोंडांत अळी नव्हती. दोन्ही निकष जुळत नव्हते. वडिलांनी फवारणी केली, कारण गेल्या वर्षाचा घाव ताजा होता. त्याला वाटत होतं थांबावं. कोण बरोबर होतं हे त्याला आजही ठाऊक नाही, आणि शेजारच्या रानातून उडत आलेले पतंग सापळ्यात मोजले जातात का, हा त्याचा प्रश्न झाला. दुसरा प्रश्न त्याहून अवघड होता. डिसेंबरनंतर कापूस उभा ठेवला, फरदड घेतली, की अळीला वर्षभर खाणं मिळतं, हे वडिलांना पक्कं माहीत होतं. तरी पाण्याची सोय होती आणि एक वेचणी हाताला लागत होती, म्हणून ते फरदड ठेवत. तो मुलगा निबंधात वडिलांना दोष न देता हे लिहू शकला. कीड नियंत्रणाचा सल्ला कागदावर बरोबर असूनही रानात का टिकत नाही, हे त्याला घरातून दिसत होतं. सोसण्याचा भाग त्यानं दोन वाक्यांवर आणला, आणि ती दोन वाक्यं आधीच्या दीड पानापेक्षा जड झाली.

मसुदा झाला की तो एकदा त्या प्रसंगातल्या जाणत्या माणसाला वाचून दाखवावा. गाय बरी करणाऱ्या डॉक्टरांना, किंवा सापळे देणाऱ्या कृषी सहायकाला. चुकीचं औषध, चुकीचं वेत, उलटं कारण ते लगेच पकडतात. संगमनेरच्या मुलीनं आपल्या डॉक्टरांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी एक प्रश्न केला, जो पुढं तिला मुलाखतीतही आला. पहिली बाटली देऊन गाय उठली नसती तर? तिनं उत्तर तयार ठेवलं होतं. पुन्हा कॅल्शियम देण्याआधी निदान तपासायचं. फॉस्फरस किंवा मॅग्नेशियम कमी असू शकतं, कासेत जंतूंचा संसर्ग असू शकतो, गाय पडताना मांडी किंवा कंबर दुखावलेली असू शकते. आणि एकाच कुशीवर बरेच तास बसून राहिली असेल तर अंगाखाली दाबले गेलेले मागच्या पायाचे स्नायू आणि नसा बाद होतात, मग रक्तातलं कॅल्शियम पूर्ववत झालं तरी ती उठत नाही. म्हणून दर काही तासांनी तिची कूस पालटावी लागते, खाली जाड गादी किंवा वाळू लागते. त्या पहाटे त्यांनी पोती दोन्ही बाजूंना लावली होती, पण कूस एकदाही पालटली नव्हती, हेही तिनं मुलाखतीत सांगितलं, आणि मुलाखत घेणाऱ्यांनी पुढचा प्रश्न तिथूनच विचारला: एकट्या दोन माणसांनी पाचशे किलोची गाय कशी पालटायची?